ग्रुपवरचा फोटो आणि मूळ फोटो
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर त्या फोटोच्या भानगडीवर पंधरा मिनिटं बोल." भानगड तुम्हाला अर्धवट माहीत आहेच. गेले तीन महिने मी ग्रुपवर रोज विचारत होते, "हा फोटो कोणी काढला? मूळ फोटो कोणाकडे आहे?" काही जण वैतागले. एकानं तर लिहिलं, "अगं, पाच जणांनी पाठवला की! आता अजून किती मूळ पाहिजे?" ते पाचही फोटो मूळ का नव्हते, आणि मूळ शेवटी कुठं सापडला, एवढंच आज सांगते.

फोटो कोणता ते आधी सांगते. 29 डिसेंबर 2019, रविवार. आपला मागचा मेळावा. शाळेच्या पटांगणात, मागे जुनी इमारत, चार रांगा, 61 माणसं. पुढच्या खुर्च्यांवर शिक्षक, आणि मधोमध आपले चित्रकलेचे सर. त्यानंतर कोरोना आला आणि 2021 मध्ये सर गेले. आपण सगळे आणि सर एकत्र आहोत असा तो एकच फोटो. स्मरणिकेचं पहिलं पान त्यांना अर्पण करायचं आणि एक 12 बाय 9 इंचांची फ्रेम सरांच्या घरी द्यायची, असं ठरलं.

फोटो काही गहाळ झालेला नव्हता. आपल्या एका मैत्रिणीचा फोन पाण्यात पडला होता, पण तिनं नव्या फोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप परत आणला आणि सगळ्या जुन्या गप्पांसकट हा फोटोही आला. तिनं आनंदानं तो समितीकडे दिला. फोनवर बघितला तर छान दिसत होता. प्रिंटरकडे गेला, त्यानं 12 बाय 9 चा नमुना काढून दिला, आणि आम्ही सगळे गप्प झालो. सर ओळखू येत होते, कारण ते पुढे होते. तिसऱ्या-चौथ्या रांगेतले चेहरे मात्र ओल्या कागदावर शाई पसरावी तसे झाले होते. मैत्रीण म्हणाली, "बॅकअपमधून आणताना खराब झाला वाटतं. दुसऱ्या कोणाकडून मागवू या."

इथेच पहिली चूक. बॅकअपनं काहीही खराब केलं नव्हतं. तिच्या फोनवर 2019 साली जी फाइल आली, तीच फाइल, एकही अक्षर न बदलता, परत आली. फोटो त्याआधीच लहान झाला होता. तो कुठं लहान झाला? पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये. पाठवण्याचं बटण दाबलं त्याच क्षणी.

हे नीट समजून घेऊ. फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला तो फोटो 4000 ठिपके रुंद आणि 3000 ठिपके उंच होता. म्हणजे एकूण 1 कोटी 20 लाख ठिपके. या ठिपक्यालाच पिक्सेल म्हणतात. फाइल होती साधारण 4 एमबीची. आता ग्रुपवर आपण शंभराच्या वर माणसं. कोणी डोंगरात, कोणी वाडीवर, नेटवर्क एका दांडीवर. प्रत्येक फोटो 4 एमबीचा गेला तर कोणाचाच लवकर उघडणार नाही आणि सगळ्यांचे फोन भरून जातील. म्हणून व्हॉट्सॲप फोटो पाठवण्यापूर्वी तो लहान करतं. नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की लांब बाजू 1600 ठिपक्यांच्या आसपास आणली जाते. आपला फोटो झाला 1600 बाय 1200. म्हणजे एकोणीस लाख वीस हजार ठिपके.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. पंचवीस ठिपके, पंचवीस ओळी अशी रांगोळी आहे, आणि कोणी सांगितलं की हेच चित्र दहा ठिपके, दहा ओळींत काढ. मोर दिसेल, पण पिसाऱ्यातले डोळे जातील. 4000 चे 1600 होणं म्हणजे नेमकं पंचविसाचे दहा होणं. मुळातले सव्वासहा ठिपके एकत्र करून त्यांचा सरासरी रंग एका ठिपक्याला दिला जातो. आणि एकदा सरासरी काढली की मूळ आकडे परत मिळत नाहीत. वर्गाची सरासरी 62 टक्के आहे एवढंच ठाऊक असेल, तर कोणाला किती मार्क पडले हे गणिताच्या सरांनाही सांगता येणार नाही.

यावर दुसरी गोष्ट घडते. आपले बहुतेक फोटो ज्या जेपीईजी पद्धतीनं साठवले जातात, ती चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील किती ठेवायचा ते ठरवते. फाइल लहान हवी असेल तर तपशील जास्त टाकून दिला जातो. मोकळ्या आकाशाला त्यानं काही फरक पडत नाही. पण पैठणीचा काठ, केसांच्या बटा, चष्म्याची काडी, लांबचा चेहरा, हे सगळं बारीक तपशिलातच असतं, आणि तेच आधी जातं. आपला 4 एमबीचा फोटो या दोन पायऱ्या उतरून पावणेतीनशे केबीचा झाला. म्हणजे जवळपास पंधरावा हिस्सा.

मग तो फोनवर छान का दिसतो? कारण फोनचा पडदाच लहान. उभ्या धरलेल्या फोनची रुंदी बहुधा 1080 ठिपक्यांची असते. 1600 तिथं पुरून उरतात. कागदावर मात्र हिशेब वेगळा. चांगल्या छपाईला प्रिंटर इंचाला 300 ठिपके मागतो. 1600 ला 300 नं भागा, तर सव्वापाच इंच येतात. म्हणजे ग्रुपवरचा फोटो पोस्टकार्डाएवढा नीट छापला जाईल. 12 इंचांच्या फ्रेममध्ये घातला की इंचाला फक्त 133 ठिपके उरतात. मूळ फोटोत तेच 333 होतात.

आता हा हिशेब चेहऱ्यावर लावून बघा. आपल्या सगळ्यात लांब रांगेत 16 जण होते. 4000 ठिपक्यांत 16 जण, म्हणजे खांद्यांसकट एकाला 250 ठिपके. त्यातला चेहरा साधारण एक तृतीयांश, म्हणजे ऐंशीएक ठिपके रुंद. तेवढ्यात माणूस हसतोय की डोळे मिचकावतोय ते कळतं. ग्रुपवरच्या फोटोत त्याच चेहऱ्याला बत्तीस ठिपके उरले. डोळ्याला चार-पाच. ही शाळेची स्मरणिका आहे आणि फोटोखाली नावं द्यायची आहेत, म्हणून मला चैन पडत नव्हतं.

मग आम्ही ग्रुपवर लिहिलं, "ज्यांच्याकडे हा फोटो असेल त्यांनी पाठवा." ही दुसरी चूक, आणि ती माझी. मी कॉम्प्युटरवाली असून असं मोघम मागितलं. पाच जणांनी फोटो पाठवले, आणि मी एकेकाची माहिती उघडून बघितली.

पहिले तीन हुबेहूब सारखे, 1600 बाय 1200. त्यांनी आपापल्या गप्पांमधला फोटो फॉरवर्ड केला होता. फॉरवर्ड केल्यानं तो सहसा आणखी बिघडत नाही, पण सुधारतही नाही. चौथा तेवढ्याच ठिपक्यांचा, पण फाइल आणखी हलकी. त्यानं फोटो गॅलरीतून पुन्हा नव्यानं पाठवला होता, म्हणजे तो जेपीईजीच्या चाळणीतून दुसऱ्यांदा गेला. सरांच्या पांढऱ्या शर्टाच्या कडेला बारीक मळकट चौकोन दिसायला लागले होते. हे चौकोन दिसले की समजावं, फोटो बऱ्याच हातांतून आलाय. पाचवा होता स्क्रीनशॉट, उभ्या फोनवर काढलेला. वरची-खालची काळी पट्टी कापल्यावर उरला 1080 बाय 810. चेहऱ्याला बावीसएक ठिपके. त्या मित्राचा राग मानू नका. त्याच्या डोळ्याला तो फोटो तसाच दिसत होता, म्हणून त्यानं तसाच पाठवला.

एका मैत्रिणीकडे आणखी वेगळा प्रकार. तिच्या गप्पेत फोटोची फक्त धूसर छबी दिसत होती, वर बाण. बाण दाबला की फोटो उतरवता येत नाही, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा, असा संदेश. तिनं 2019 मध्ये तो फोटो कधी उतरवूनच घेतला नव्हता. निरोपाबरोबर एक अगदी लहान छबी येते, ती राहिली. खरा फोटो कंपनीच्या सर्व्हरवर कायम ठेवलेला नसतो. 2016 पासून व्हॉट्सॲपचे निरोप आणि फोटो पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतात. म्हणजे कंपनीकडे अर्ज करूनही मोठा फोटो मिळणार नाही. तो तिथं कधी पोहोचलाच नव्हता.

तर मग मूळ असणार कुठं? एकाच ठिकाणी: ज्याच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला त्याच्याकडे. ज्यानं ग्रुपवर टाकला त्याच्याकडे असेलच असं नाही. या दोन व्यक्ती वेगळ्या असू शकतात, आणि आपल्या बाबतीत होत्याही.

शोध असा झाला. मैत्रिणीच्या फोनवर फाइलचं नाव होतं `IMG-20191231-WA0014.jpg`. अँड्रॉइड फोनवर नावात `WA` दिसलं की फोटो व्हॉट्सॲपमधून आलेला. मधला आकडा तारखेचा, पण ती फोटो काढल्याची तारीख नव्हे. तो फोटो त्या फोनवर आल्याची तारीख. मेळावा 29 ला, फोटो 31 ला आला. मी ग्रुपवर 31 डिसेंबरपर्यंत मागे गेले. टाकणारी होती आपली संगमनेरची मैत्रीण. तिला फोन केला. ती म्हणाली, "मी कुठला काढला! मी तर फोटोत आहे. मला श्रीरामपूरहून आला." श्रीरामपूरचा मित्र म्हणाला, "राहुरीवालीच्या मिस्टरांनी काढला ना. सगळ्यांना उभं करून तेच ओरडत होते की, सरका, सरका!"

त्या भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, "आहे की ताई, लगेच पाठवतो." दोन मिनिटांत आला. 1600 बाय 1200. मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी श्रीरामपूरच्या मित्राबरोबरची जुनी गप्पा उघडून तिथला फोटो पाठवला होता. पाठवणाऱ्याच्या गप्पेतही लहान केलेली प्रतच असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून मागताना सांगायचं: गप्पेत शोधू नका, गॅलरीत कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये शोधा, आणि त्या दिवसाच्या तारखेला जा.

तिथं अडचण अशी की त्यांनी मधल्या काळात फोन बदलला होता. जुना फोन विकलेला. पण त्यांचे फोटो आपोआप गुगल फोटोजमध्ये जात होते. मी त्यांना 29 डिसेंबर 2019 ला जायला सांगितलं, आणि तिथं एकाला एक लागून आपले सात फोटो निघाले. एकात अर्धे जण बोलतायत, एकात सर मागे वळून कोणाला तरी दटावतायत, आणि पाचवा आपला.

त्यांनी तिथूनच शेअर दाबलं, व्हॉट्सॲप निवडलं, पाठवला. पुन्हा 1600. कारण रस्ता तोच. मूळ कुठूनही उचला, व्हॉट्सॲपमध्ये फोटो म्हणून टाकला की तो लहान होणार. मग आम्ही फोनवर बोलत बोलत पायऱ्या केल्या. आधी गुगल फोटोजमधून तो फोनवर डाउनलोड केला. मग माझ्या गप्पेत जाऊन पिनच्या चिन्हावर बोट ठेवलं, Gallery न निवडता Document निवडलं, आणि तिथून तो फोटो घेतला. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप आत काय आहे ते बघत नाही. पाकीट जसंच्या तसं पोहोचतं. माझ्याकडे चित्राऐवजी फाइलचं नाव आणि खाली 4 एमबीचा आकडा आला, तेव्हाच मला कळलं. उघडून बघितलं, 4000 बाय 3000.

आयफोनवाल्यांनी फोटो आधी Save to Files करून Files मध्ये ठेवावा आणि मग डॉक्युमेंट म्हणून जोडावा. 2023 पासून व्हॉट्सॲपमध्ये फोटो पाठवताना HD असंही एक बटण आहे. त्यानं लांब बाजू 4096 ठिपक्यांपर्यंत राहू शकते, म्हणून चेहरे खूपच बरे येतात. पण तीही मूळ फाइल नव्हे. जेपीईजीची चाळणी तिथंही लागतेच. घरी बघायला HD पुरे. छापायला डॉक्युमेंट. आणि फोटो पन्नास-शंभर असतील तर गुगल फोटोजमध्ये अल्बम करून त्याची लिंक द्यावी. तिथून डाउनलोड केले की अल्बम करणाऱ्याकडे जसे जपलेत तसे मिळतात. "जसे जपलेत" हे मुद्दाम म्हणते. त्याच्या सेटिंगमध्ये जागा वाचवणारा पर्याय निवडलेला असेल, तर तिथंही फोटो थोडे दाबलेले असतात. राहुरीच्या भाऊजींनी मूळ दर्जाचा पर्याय ठेवला होता, हे आपलं नशीब.

मूळ आलाय की नाही हे ओळखायला माझ्यासारखं शिकलेलं असायची गरज नाही. गॅलरीत फोटो उघडा आणि त्याची माहिती बघा. बऱ्याच फोनवर फोटो वर सरकवला की ती दिसते. त्यात फोनचं मॉडेल, काढल्याची तारीख आणि वेळ असेल, तर फोटो बहुधा मूळ. कॅमेरा फोटोच्या पोटात ही नोंद लिहून ठेवतो, आणि व्हॉट्सॲपमधून फोटो म्हणून गेला की ती निघून जाते. आपल्या फाइलमध्ये वेळ होती दुपारी 12 वाजून 41 मिनिटं. घंटेआधीचा तास.

एक सावधगिरी. त्याच नोंदीत फोटो कुठं काढला ते ठिकाणही असू शकतं, फोनवर ते चालू ठेवलेलं असेल तर. शाळेच्या पटांगणाचं ठिकाण कळलं तर काही बिघडत नाही. पण घरातल्या नातवंडांचे मूळ फोटो शंभर जणांच्या ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाकू नका. ते समितीतल्या एका माणसाला द्या.

आता तो फोटो मोठा करून बघितल्यावर काय दिसलं ते सांगते. सरांच्या खिशाला नेहमीचे तीन पेन होते, आणि उजव्या हाताच्या बोटांना रंग लागला होता. मेळाव्याच्या फलकावर शेवटची अक्षरं त्यांनीच रंगवली होती, आठवतं? आणि मागे इमारतीच्या दारात एक काळा डाग होता, जो आम्ही प्रिंटरला पुसून टाकायला सांगणार होतो. मूळ फोटोत तो डाग नव्हता. दाराच्या चौकटीला टेकून आपले शिपाई मामा उभे होते, हात घडी घालून, आपल्याकडे बघत हसत. ज्यांनी दहा वर्षं आपल्यासाठी घंटा वाजवली, त्यांना आपण "या ना फोटोत" असं म्हणालो नव्हतो. ते आपले आपण मागे उभे राहिले होते. ग्रुपवरच्या फोटोत त्यांच्या चेहऱ्याला पंधराएक ठिपके उरले होते. पंधरा ठिपक्यांत माणूस मावत नाही.

मामा आज आपल्यात बसलेत, दुसऱ्या रांगेत. स्मरणिकेत फोटोखाली आता 62 नावं आहेत.

शेवटी एक मागणं. दहावीच्या निरोपाचा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाय. काचेत ट्यूबलाइट दिसते आणि काढणाऱ्याचा हातही. त्या फोटोचं मूळ कोणाच्याच फोनमध्ये नाही. मूळ म्हणजे तो कागद. तो फ्रेममधून हळूच काढून समितीकडे आणून द्या. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फ्रेमसकट आणा. आम्ही तो सपाट स्कॅनरवर इंचाला 600 ठिपक्यांनी स्कॅन करू आणि त्याच दिवशी परत देऊ. 8 बाय 6 इंचांचा फोटो असेल तर 4800 बाय 3600 ठिपके मिळतील. आणि बाई, सर, तुमच्या घरच्या अल्बममध्ये आमच्या वर्गाचे फोटो असतील, तर ते आमच्याही घरी नाहीत.

आजचे फोटो काढणारे चार जण मी सकाळीच हेरून ठेवलेत आणि त्यांची नावं वहीत लिहून घेतलीत. संध्याकाळी ग्रुपवर फोटो येतीलच, ते बघा, हसा, फॉरवर्ड करा. पण मूळ फोटो घ्यायला मी त्या चौघांच्या दारात उभी राहणार आहे.